मेंदूत सुया की मेंदूवर पट्टी?

लुळ्या पडलेल्या माणसाला हात हलवायचा आहे हे मोटर कॉर्टेक्समधून, म्हणजे मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागातून, ओळखण्याच्या कामात उतरू पाहणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, सुया खुपसणाऱ्या गटात जाऊ की मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोडची पट्टी ठेवणाऱ्यांकडे? मी आधी पहिल्या प्रकारच्या लॅबमध्ये होतो, आता दुसऱ्या प्रकारच्या लॅबमध्ये आहे. तेव्हा माझं मत थोडं हातचं राखूनच घ्या.

कामगिरी बघितली तर सुयांना तोड नाही. युटा अ‍ॅरे म्हणजे साधारण चार मिलिमीटरचा चौकोन, त्यात ९६ सुया. त्या कॉर्टेक्समध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटर आत शिरतात आणि जवळच्या पेशींचे ठोके, म्हणजे स्पाइक, ऐकतात. हालचाल बंद पडली तरी ‘हात डावीकडे न्यावा’ असं मनात आणलं की त्या दिशेला कौल देणाऱ्या पेशी भराभर ठोके देतात. डिकोडर, म्हणजे ठोक्यांवरून इरादा ओळखणारा प्रोग्राम, हे सगळे कौल एकत्र करून कर्सरचा वेग ठरवतो. २०२१ मध्ये याच पद्धतीने एका माणसाने हाताने अक्षरं लिहिण्याचा नुसता मनातून प्रयत्न करून मिनिटाला ९० अक्षरं टाइप केली. त्याच्यापुढे २०१६ मधलं नेदरलँड्समधल्या युट्रेख्टचं काम अगदीच मंद वाटतं. एएलएस, म्हणजे हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा आजार, झालेली एक बाई मेंदूच्या पृष्ठभागावरच्या पट्टीने मिनिटाला जेमतेम दोन अक्षरं टाइप करत होती.

मग मी पट्टीकडे का गेलो? सकाळच्या एका कटकटीमुळे.

आमचे एक सहभागी होते, मानेखालची हालचाल गेलेले. काल संध्याकाळी कर्सर छान चालवत होते. सकाळी डोक्यावरच्या जोडणीला केबल लावली, त्यांना म्हटलं काहीही करू नका, आणि कर्सर खालच्या डाव्या कोपऱ्याकडे रांगायला लागला. त्यांनी उजवीकडे ओढलं की यायचा, सोडलं की पुन्हा डावीकडे. नवखा माणूस याला ‘सिग्नल खराब’ म्हणतो. सिग्नल ठीकच असतो. एखादा चॅनेल, म्हणजे एका सुईचा सिग्नल, काल विश्रांतीत सेकंदाला १० ठोके देत होता, आज १६ देतोय, एवढंच. डावीकडच्या इराद्याला तो वाढतो असं डिकोडर शिकलेला, म्हणून वरच्या सहा ठोक्यांना तो इच्छा समजतो. मेंदू श्वासागणिक किंचित हलतो, सुई पेशीपासून काही मायक्रोमीटर सरकते, सुईभोवती व्रणाच्या पेशी जमतात, आणि कालची ऐकू येणारी पेशी आज गर्दीत हरवते.

ओळखायची खूण सोपी. इच्छा नसताना कर्सर नेहमी एकाच दिशेला जात असेल तर आधाररेषा सरकलीय, तेव्हा विश्रांतीतली सरासरी वजा करून भागतं. दिशाच फिरली असेल, वर म्हटल्यावर तिरपा जात असेल, तर पेशीच बदलल्यात, आणि सगळं पुन्हा शिकवावं लागतं. मग त्या माणसाने पडद्यावरच्या ठिपक्यांकडे हात नेण्याची कल्पना करत बसायचं. माझ्या अनुभवात यात पहिला पाऊण तास जायचा. आकडा मोजलेला नाही, पण त्यांचा चेहरा लक्षात आहे. “आज पुन्हा?” एवढंच म्हणायचे.

पट्टीच्या बाबतीत हे कमी होतं, कारण ती एका पेशीचं ऐकतच नाही. खालच्या हजारो पेशींचा एकत्रित गलबला तिच्यापर्यंत पोचतो. हालचालीचा प्रयत्न झाला की त्यातली साधारण ७० हर्ट्झच्या वरची ऊर्जा वाढते. गर्दीतला एक जण उठून गेला तरी आवाज तसाच राहतो. युट्रेख्टच्या त्या बाईचं यंत्र पूर्णपणे कातडीखाली होतं, ती ते घरी वापरायची, संशोधक खोलीत नसताना. पुढे काही वर्षं वापर चालला आणि आजाराने मेंदू आटत गेला तेव्हा कुठे सिग्नल क्षीण झाला.

तोटाही त्याच गलबल्यात आहे. सुटी बोटं, मनगटाचा बारीक कल, हे त्यातून वेगळं काढणं अवघड जातं. कवटी उघडायचीच नसेल तर शिरेतून सरकवलेला स्टेन्टसारखा इलेक्ट्रोड आहे, त्यात फक्त १६ संपर्कबिंदू असतात आणि माहिती आणखी ढोबळ मिळते.

रोबोटच्या हाताने वस्तू पकडायचं काम करायचं असेल तर माझं ऐकू नका, सुयांकडे जा. सुयांचे डिकोडरही आता पडद्याआड स्वतःला सावरायला शिकतायत, त्यामुळे माझी तक्रार काही वर्षांत जुनी ठरेलही. पण घरी, इंजिनियरशिवाय, रोज सकाळी चालणारं काही हवं असेल तर मी पट्टीच घेईन. शंका वाटली तर एखाद्या लॅबमध्ये सत्र सुरू होताना जाऊन बसा, कोणी काही करत नसताना कर्सर मध्यावर किती वेळ थांबतो ते बघा.