एरर स्पॉटिंगचा ऑनलाइन सराव संच: चार महिन्यांनंतर

कॅम्पसच्या व्हर्बल राउंडसाठी ४९९ रुपयांना घेतला. पहिल्या आठवड्यात पैसे वाया गेले असं वाटलं, कारण मी वाक्य मनात वाचायचे आणि कानाला खटकेल तो भाग निवडायचे. आणि कानाला काही खटकतच नव्हतं.

'द क्वालिटी ऑफ द मँगोज इन दीज बॉक्सेस वेअर पुअर'. मला हे बरोबर वाटलं होतं. आपण 'रमेशने आंबे खाल्ले' म्हणतो तेव्हा क्रियापद जवळच्या आंब्यांकडे बघतं, रमेशकडे नाही. तीच सवय इथे नडते. या संचाने लावलेली शिस्त मात्र कामी आली: आधी क्रियापद पकडा, मग 'ऑफ', 'इन', 'अलाँग विथ' यांपासून सुरू होणारे तुकडे बोटाने झाका. उरतं 'द क्वालिटी… वेअर'. चूक लगेच दिसते, तिथे 'वॉज' हवं.

काळाच्या प्रश्नांमुळे तर माझं मतच बदललं. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स २०१९' हे 'मी २०१९पासून इथे राहतेय' याचं सरळ रूप, म्हणून चूक जाणवत नाही. 'सिन्स' दिसला आणि गोष्ट अजून चालू असेल, तर 'हॅव बीन लिव्हिंग' हवं. तसंच 'यस्टरडे' असेल तर 'हॅव मेट' चालत नाही, नुसतं 'मेट' लागतं. आपल्याकडे 'काल भेटलेय त्याला' सहज चालतं, म्हणून इथे कानावर विसंबू नये. आता मी वाक्य वाचण्याआधी असे काळ सांगणारे शब्द शोधते.

आता प्रश्न क्रमांक १७. 'ही इज वन ऑफ द बॉइज हू हॅज पास्ड'. उत्तरसूचीत 'नो एरर'. मी 'हू हॅज' हा भाग निवडला आणि निगेटिव्ह मार्किंगमध्ये गुण गेला. 'हू' मुलांबद्दल आहे, एका मुलाबद्दल नाही. वाक्य फिरवून बघा: पास झालेल्या मुलांपैकी तो एक. म्हणजे 'हॅव' हवं. 'हॅज' तेव्हाच बसतं, जेव्हा वाक्यात 'द ओन्ली वन ऑफ द बॉइज' असेल, कारण मग पास होणारा एकटाच असतो.

सहा ईमेल केले. दर वेळी 'आमच्या तज्ज्ञांनी तपासले आहे' एवढंच उत्तर. कोणी 'वन' शब्द बघून एकवचन धरलं असणार; म्हणजे 'क्वालिटी'च्या वाक्यासाठीची झाकायची युक्ती इथेही लावली. 'हू'च्या आधीचं नाम झाकायचं नसतं, हे संचात कुठेच सांगितलेलं नाही. पैसे देऊन शिकणाऱ्या मुलांना चुकीचं उत्तर पाठ करायला लावणं मला सहन होत नाही. म्हणून पाचपैकी तीन तारे, आणि पुढच्या वर्षीचे ४९९ मी भरणार नाही.

घेतलाच तर १७वर 'हू हॅज' हाच भाग निवडा. गुण जाईल, पण खऱ्या परीक्षेत उत्तर तेच आहे.