एका लेखाचे सहा पोस्ट आणि एक मेल: जवळजवळ वर्षभर वापरल्यावर

वार्षिक नूतनीकरणाची सूचना आली म्हणून आत्ताच लिहून टाकते. लेखाचे तुकडे करून आठवडाभर पोस्ट लावायची आणि रविवारी मेल पाठवायची ही सेवा मी वर्षाचे पैसे भरून घेतली होती. फीचर कंपनीच्या पानावर आहेतच, त्यामुळे ते सांगत बसत नाही.

माझं काम रोपं विकण्याचं. गच्चीवरच्या टोमॅटोवर माझा दोनेक हजार शब्दांचा लेख आहे. पूर्ण वाचणारे थोडे, म्हणून हा खटाटोप.

सेवा लेखाचे तुकडे परिच्छेदांप्रमाणे पाडते. ते चालत नाही, कारण लेखात आजार एका परिच्छेदात असतो आणि उपाय पुढच्यात. मी तुकडे प्रश्नांप्रमाणे पाडते. कुंडीजवळ उभा असलेला माणूस जे विचारेल ते एका पोस्टमध्ये, उत्तरासकट. सोमवारी रोप किती खोल लावायचं, मंगळवारी पाणी कधी, बुधवारी फुलं का गळतात, असं. गुरुवारचा पोस्ट सगळ्यात जास्त चालला, तो असा होता:

«टोमॅटोचं बूड काळं, चपटं पडतंय? ही कीड नाही, फवारणी करू नका. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाहीये. ते पाण्याबरोबरच वर जातं आणि कुंडी एक दिवस कोरडी, एक दिवस चिखल झाली की खंड पडतो. बोट दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं तरच भरपूर पाणी द्या. वर पालापाचोळ्याचा थर द्या. काळं पडलेलं फळ सुधारत नाही, काढून टाका.»

मूळ लेखात याच्या आधी अंड्याच्या टरफलांवर मोठा परिच्छेद आहे. टरफलं मातीत विरघळायला फार वेळ लागतो, या हंगामातल्या फळाला त्यांचा उपयोग नाही. तो भाग पोस्टमध्ये घेतला नाही, मेलसाठी ठेवला. थोडक्यात उरकला असता तर लोकांनी अर्धंच वाचून टरफलं कुटायला घेतली असती.

इथवर मी खूश होते. मग मेल.

सुरुवातीला पूर्ण लेखच मेलमध्ये टाकत होते. गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले की ऑर्डरची लिंक कुठे आहे. जीमेल १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं आणि तळाशी `[Message clipped]` लिहून मोकळं होतं. माझी लिंक आणि मेल बंद करायचं बटण, दोन्ही कापलेल्या भागात. बंद करायचं बटण सापडलं नाही की माणूस सरळ स्पॅममध्ये टाकतो, आणि पुढचे मेल दुसऱ्यांनाही पोचेनासे होतात.

मदत कक्षाला लिहिलं. उत्तर आलं, फोटो लहान करा. अहो, फोटो तुमच्याच सर्व्हरवर आहेत, मेलमध्ये नुसता पत्ता जातो, वजन त्याचं कसं होईल? शेवटी जीमेलच्या `Show original` मध्ये जाऊन बघितलं. टोमॅटोमधला प्रत्येक ट असा गेला होता:

```
ट
```

अक्षरं साठवायच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, इथे सात. काना, मात्रा सगळी वेगळी धरायची, म्हणजे टोमॅटो या एका शब्दाला बेचाळीस बाइट. माझ्या लेखात अशी दहाएक हजार चिन्हं, म्हणजे नुसता मजकूरच ७० केबी. वर त्यांच्या चौकटी-रंगांचा सांगाडा. इंग्रजीत तेवढाच लेख आरामात बसतो, त्यामुळे त्यांच्याकडे ही तक्रार कुणी केलीच नसणार. पुराव्यासकट पुन्हा कळवलं, पण उत्तर तेच, फोटो. मराठीत लिहिणाऱ्याकडून पूर्ण पैसे घेता, तर त्याची अक्षरं नीट पाठवा, एवढंच माझं म्हणणं.

एक मात्र कबूल करायला हवं, पूर्ण लेख मेलमध्ये टाकणं आता मलाच पटत नाही. हल्ली मेल साधारण तीनशे शब्दांचा असतो. त्यात आठवड्यात लोकांनी सर्वांत जास्त विचारलेला एक प्रश्न सविस्तर, पोस्टमध्ये न मावलेला टरफलांसारखा भाग, आणि ऑर्डरची लिंक पहिल्या परिच्छेदाखालीच. बाकीच्यासाठी लेखाचा दुवा. या मेलला उत्तरं येतात, आणि पुढच्या लेखाचे प्रश्न त्यातूनच मिळतात.

नूतनीकरण करणार नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामचे पोस्ट वेळ लावून टाकायला मेटा बिझनेस सूट फुकट आहे, आणि तुकडे तर मीच पाडते, मग पैसे कशाचे? मेलसाठी महिन्याच्या बोलीवर मिळणारी सेवा शोधतेय. तुम्ही कुठलीही घ्या, पैसे भरण्याआधी आपलाच सगळ्यात लांब मराठी लेख स्वतःच्या जीमेलवर पाठवून तळापर्यंत बघा, आणि `Show original` मध्ये `&#` दिसलं तर वर्षाचे पैसे भरू नका.