चॅटमधली चित्रं मोजायची कशी: टूलला विचारून, क्रमांक लावून की कोडने?

लांबलेल्या चॅटमध्ये मध्येच ‘आतापर्यंत तू किती चित्रं पाहिलीस?’ असं एआय टूलला विचारलं की आकडा लगेच मिळतो, पण तो आपल्या मनातल्या आकड्याशी जुळेलच असं नाही. टूल चुकलं, असं आपण धरून चालतो. कधी ते खरंच चुकलेलं असतं. पण बरेचदा दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात. म्हणून पद्धत निवडण्याआधी एक चॅट सोडवून बघू.

एका जुन्या हस्तलिखित वहीची पानं टाइप करून घ्यायची आहेत. पहिल्या मेसेजमध्ये ४ फोटो टाकले, पान १ ते ४. चौथं पान धूसर आलं होतं, म्हणून दुसऱ्या मेसेजमध्ये त्याचा नव्याने काढलेला फोटो आणि पान ५ व ६, असे ३ फोटो. तिसऱ्यात ५ पानांची स्कॅन केलेली पीडीएफ. चौथ्यात एकच फोटो, पण त्यात ४ सुटी पानं टेबलावर शेजारी शेजारी मांडलेली. पाचव्यात आधी २ फोटो गेले, ते भलत्याच वहीचे निघाले, म्हणून मेसेज एडिट करून त्यांच्या जागी १ बरोबर फोटो टाकला. आता चित्रं किती?

| काय मोजलं | बेरीज | आकडा |
|---|---|---|
| अपलोड केलेल्या सगळ्या फायली | ४+३+१+१+२+१ | १२ |
| चॅटमध्ये आत्ता दिसणाऱ्या फायली | ४+३+१+१+१ | १० |
| मॉडेलपुढे, म्हणजे टूलमागच्या एआयपुढे, गेलेल्या प्रतिमा | ४+३+५+१+१ | १४ |
| वहीची वेगवेगळी पानं | ६+५+४+१ | १६ |

चारही आकडे बरोबर आहेत. १२ मधून १० होतात ते एडिटमुळे: मेसेज बदलला की जुना मेसेज अ‍ॅपने साठवून ठेवलेला असला तरी मॉडेलकडे पुढे जाते ती नवी आवृत्ती. १० चे १४ होतात पीडीएफमुळे, कारण काही टूल पीडीएफच्या प्रत्येक पानाची प्रतिमा करून ती मजकुरासोबत मॉडेलला देतात. जी टूल फक्त मजकूर उपसून घेतात, त्यांच्यात हाच आकडा ९ होईल. आणि स्कॅन केलेल्या हस्तलिखितातून उपसायला मजकूरच नसतो, त्यामुळे अशा टूलने ती ५ पानं पाहिलेलीच नसतात. तेव्हा ‘९’ असं उत्तर आलं तर मोजणी चुकली म्हणून सोडून देऊ नका, आधी पीडीएफ वाचली गेली का ते तपासा. व्हिडिओचं आणखी वेगळं. गूगलचं जेमिनी साधारणपणे सेकंदाला १ फ्रेम घेतं, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या क्लिपच्या ३० प्रतिमा होतात.

टूल मोजतं म्हणजे काय करतं

मॉडेलच्या आत चित्रांचा मीटर फिरत नसतो. प्रत्येक चित्राचे छोटे चौकोनी तुकडे पाडले जातात आणि ते शब्दांच्या तुकड्यांसोबत एकाच लांब माळेत ओवले जातात. २२४ × २२४ पिक्सेलचं चित्र १६ × १६ च्या तुकड्यांत कापलं तर १९६ तुकडे होतात. मोठ्या फोटोची ठेवण वेगळी असते, पण कल्पना हीच. तुम्ही प्रश्न विचारता त्या क्षणी मॉडेल ही माळ समोर ठेवून उत्तर तयार करतं. आधीच्या उत्तरात सांगितलेला आकडा कुठे जपून ठेवलेला नसतो, तोही माळेतला एक शब्दच.

म्हणून चुका ठरावीक जागी होतात. एकसारखी दिसणारी चित्रं लागोपाठ आली की दोनाचं एक होतं. आपल्या वहीत पान ४ चे दोन फोटो आहेत, तिथे हे हमखास घडू शकतं. मागे एकदा ‘७’ असं उत्तर आलेलं असेल, तर पुढची बेरीज त्या ७ वर चढते, मग तो आकडा मुळातच चुकलेला का असेना. सगळ्यात फसवी चूक मात्र आपण स्वतः पेरतो. ‘या १० फोटोंत बघ’ असं लिहिलं आणि एक फोटो अपलोड होता होता गळला, तर टूल खुशाल १० म्हणतं, कारण तो आकडा तुमच्याच मजकुरात लिहिलेला असतो. आकडा तपासायचा असेल तर प्रश्नात आकडा लिहू नये.

(‘तू किती चित्रं पाहिलीस’ याचा अर्थ प्रशिक्षणातली चित्रं असाही घेतला जाऊ शकतो. ‘या संभाषणात मी पाठवलेली’ हे शब्द घातले की तो घोळ मिटतो.)

पद्धत पहिली: विचारायचं, पण यादी मागायची

नुसता आकडा मागण्यापेक्षा यादी मागणं कितीतरी बरं. ‘या संभाषणातल्या प्रतिमा क्रमाने लिही. प्रत्येकीसमोर कितव्या मेसेजमध्ये आली ते आणि तिच्यातली एक ठळक खूण लिही. शेवटी बेरीज कर. पीडीएफची पानं वेगळी दाखव.’ एवढं लिहिलं की टूलला एकेका चित्राकडे परत जावं लागतं आणि ओळी मोजणं आकडा अंदाजे सांगण्याइतकं निसरडं राहत नाही. मुख्य म्हणजे चूक कुठे झाली ते तुम्हाला दिसतं. ‘मेसेज २: पान ४, डाव्या कोपऱ्यात शाईचा डाग’ ही ओळच यादीत नसेल, तर दोन फोटोंचा एक झाला हे लगेच कळतं.

यादीतली खूण तपासायला मात्र हवी. ‘हस्तलिखित पान’ अशी कुठल्याही चित्राला चालेल अशी ओळ दिसली, तर ती न बघता भरलेली असू शकते. त्या पानाची पहिली ओळ अक्षरशः लिहायला सांगा. ती जमली नाही, तर चित्र तिथे नाही किंवा फार लहान करून पोचलं आहे. १०-१२ चित्रांपर्यंत ही पद्धत पुरते. पुढे यादीही लांबते आणि ती ताडून बघण्याचं तुमचं कामही.

पद्धत दुसरी: टाकतानाच क्रमांक लावायचे

इथे मोजणी टूलकडे राहतच नाही. प्रत्येक फोटोच्या आधी मजकुरात ‘चित्र १:’, ‘चित्र २:’ असं लिहायचं आणि चॅट संपेपर्यंत क्रमांक पुन्हा १ पासून सुरू करायचा नाही. अनेक चित्रं एकत्र देताना असं नाव लावावं, हा सल्ला क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रोपिकच्या कागदपत्रांतही आहे. क्रमांक माळेत चित्राशेजारीच बसतो, त्यामुळे ‘चित्र ५ मधली तिसरी ओळ’ असं विचारलं की टूलला नेमकी जागा सापडते.

चॅट अ‍ॅपमध्ये एक अडचण आहे. तिथे सगळे फोटो एका गठ्ठ्यात जातात आणि मजकूर वेगळा जातो, म्हणजे क्रमांक आणि फोटो यांची जोडी अंदाजाने लागते. ४ फोटो एकदम निवडले तर ते निवडीच्या क्रमाने गेले की अपलोड संपण्याच्या क्रमाने, याची खात्री नसते. यावर साधा उपाय म्हणजे क्रमांक चित्रातच लिहायचा. वहीच्या पानाशेजारी आकडा लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो काढा. मग गठ्ठा कसाही फिरला तरी चालतं. पुन्हा काढलेल्या फोटोला ‘४ब’ म्हणा, नवा क्रमांक देऊ नका. फोटो आणि पानं यांची गल्लत त्यामुळे होत नाही. टेबलावरच्या चार पानांनाही चार चिठ्ठ्या लागतील.

कष्ट आहेत, नाही असं नाही. पण काम दोन-तीन दिवस चालणार असेल तर आमचा कल याच पद्धतीकडे आहे.

पद्धत तिसरी: कोडने मोजायचं

एपीआयवरून, म्हणजे स्वतःच्या कोडमधून थेट मॉडेलला मेसेज पाठवून, काम करणाऱ्याने मॉडेलला विचारण्याचं कारणच नाही. तिथे सहसा प्रत्येक वेळी आधीचे सगळे मेसेज आपणच परत पाठवत असतो, म्हणजे मॉडेलपुढे काय आहे त्याची यादी आपल्याच हातात असते. अँथ्रोपिकच्या रचनेत ती अशी मोजता येते:

```python
def count(blocks):
    if isinstance(blocks, str):
        return 0
    n = 0
    for b in blocks:
        if b["type"] == "image":
            n += 1
        elif b["type"] == "tool_result":
            n += count(b.get("content", []))
    return n

print(sum(count(m["content"]) for m in messages))
```

मधली `tool_result` ची ओळ गाळू नका. एजंट स्क्रीनशॉट काढत असेल तर ती चित्रं तिथे आत दडलेली असतात आणि वरवर मोजणाऱ्या कोडला सापडत नाहीत. आपल्या वहीवर हे कोड ९ देईल, १४ नाही, कारण पीडीएफ `document` या प्रकारात जाते. तिची पानं वेगळी मोजून मिळवावी लागतात. ओपनएआयच्या चॅट कम्प्लिशन्समध्ये प्रकाराचं नाव `image_url` असतं, म्हणून हेच कोड तिथे जसंच्या तसं चालवलं तर गुपचूप ० येतं, एररही येत नाही.

चित्र खरंच पोचलं का, हे इनपुट टोकनवरूनही, म्हणजे माळेत गेलेल्या तुकड्यांच्या संख्येवरूनही, ताडता येतं. जीपीटी-४ओ साठी ओपनएआयने दिलेल्या हिशोबात १०२४ × १०२४ चं चित्र ‘हाय डिटेल’मध्ये ७६५ टोकन घेतं आणि ‘लो डिटेल’मध्ये ८५. चित्र जोडूनही टोकन दहा-वीसनेच वाढले, तर चित्र गेलेलं नाही.

कुणी काय निवडावं

बसल्या बैठकीत संपणारं काम आणि दहाएक चित्रं असतील, तर यादी मागून भागतं. पानं एकसारखी दिसतात, फोटो परत काढावे लागतात, किंवा चॅट उद्याही चालणार आहे, तर पहिल्या फोटोपासून चिठ्ठ्या ठेवा. मध्येच सुरू केल्या तर मागची पानं बिननंबरी राहतात. मेसेजची यादी स्वतःच्या हातात असेल तर कोड, आणि त्यातही चिठ्ठ्या असल्या तर उत्तमच, कारण कोड फोटो मोजतो, पानं मोजत नाही.

चॅट फार लांबली तर मात्र पहिल्या दोन पद्धतींचं उत्तर बदलू शकतं. मॉडेलची मर्यादा भरली की काही अ‍ॅप जुने मेसेज गाळतात किंवा त्यांचा गोषवारा करून ठेवतात. गोषवाऱ्यात ‘वापरकर्त्याने ४ पानं दिली’ एवढं वाक्य उरतं, ती पानं उरत नाहीत. तुमच्या पडद्यावर मात्र फोटो जागच्या जागी दिसत राहतात. अशा वेळी टूल १४ म्हणालं तरी त्यातली काही चित्रं त्याने केवळ ऐकलेली असतात. ओळखायचं असेल तर पूर्वी न विचारलेला तपशील विचारा: पान १ च्या समासात काय लिहिलं आहे? उत्तर गोलमोल आलं तर ते पान पुन्हा अपलोड करा, त्याच जुन्या क्रमांकाने.