जर्मनी दोषी, की सगळेच? महायुद्धाच्या वादविवादासाठी प्रश्न निवडताना

दिवाळीच्या सुट्टीनंतर नागपूरच्या आमच्या शाळेत इतिहासाचा वादविवाद असतो. धडा पहिल्या महायुद्धाच्या कारणांचा. विषय ठरवताना शिक्षकांसमोर साधारण दोन प्रश्न येतात. पहिला, ‘युद्धाची मुख्य जबाबदारी जर्मनीची होती का?’ दुसरा, ‘जुलै 1914 मध्ये हे युद्ध टाळता आलं असतं का?’ दोन्ही चांगले आहेत, पण प्रत्येकाने मुलांची तयारी वेगळ्या दिशेला जाते.

जर्मनीच्या प्रश्नात बाजू लगेच पडतात. बाजूने बोलणाऱ्यांकडे 5 आणि 6 जुलैचा भक्कम पुरावा आहे: सर्बियाविरुद्ध काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत, असा कोरा चेकच बर्लिनने ऑस्ट्रियाला दिला. 1961 मध्ये जर्मन इतिहासकार फ्रिट्झ फिशर यांनी हीच बाजू जोरात मांडली आणि त्यांच्याच देशात मोठं वादळ उठलं. त्यांचा एक महत्त्वाचा आधार म्हणजे सप्टेंबर 1914 चा जर्मन सरकारी आराखडा. त्यात बेल्जियमला अंकित करण्यापासून मध्य युरोपावर आर्थिक वर्चस्व मिळवण्यापर्यंतची उद्दिष्टं आहेत. मुलं हा आराखडा हमखास वापरतात, आणि नेमकी तिथेच अडकतात. तो कागद युद्ध सुरू झाल्यानंतरचा आहे. सप्टेंबरमध्ये काय हवं होतं ते त्यातून कळतं. जुलैमध्ये युद्ध त्यासाठीच पेटवलं, हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. समोरच्या गटाला ही तारीख माहीत असेल तर खंडन जोरदार होतं.

या प्रश्नाची खरी अडचण व्हर्सायच्या तहाने होते. 231 व्या कलमाने जर्मनी आणि तिच्या मित्रांवर युद्धातल्या नुकसानीची जबाबदारी टाकली. मुलं त्यालाच निकाल समजतात. तो जिंकलेल्यांनी लिहिलेला करार आहे, हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो, कारण त्यात मुलांना एकेका दिवसापाशी थांबावं लागतं. 28 जूनला झालेल्या ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या हत्येवरून 23 जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला मागण्या पाठवल्या आणि 48 तासांची मुदत दिली. सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य केल्या, पण सर्बियाच्या भूमीवर ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी तपासात भाग घेण्याची मागणी नाकारली. 28 जुलैला ते उत्तर वाचून जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्मने लिहिलं की आता युद्धाला कारणच उरलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं.

पुढचे दोन दिवस तर वर्गात सावकाश वाचावेत असे आहेत. 29 जुलैला संध्याकाळी रशियाचा झार निकोलस दुसरा याने विल्हेल्मची तार आल्यावर सर्व सैन्य सज्ज करण्याचा हुकूम मागे घेतला. 30 ला दुपारी परराष्ट्रमंत्र्याने त्याला पुन्हा राजी केलं आणि हुकूम निघाला. रशियाची जमवाजमव सुरू झाल्यावर जर्मनीला थांबणं परवडणारं नव्हतं. तिची योजना आधी फ्रान्सला साधारण सहा आठवड्यांत हरवून मग पूर्वेकडे वळण्याची होती आणि सगळी भिस्त रेल्वेच्या वेळापत्रकावर होती. 1 ऑगस्टला कैसरने सैन्य फक्त पूर्वेकडे न्यायला सांगितलं, तेव्हा सेनाप्रमुख मोल्टके म्हणाला, आता ते शक्य नाही.

‘सर, मग दोष माणसांचा की वेळापत्रकाचा?’ असं एका मुलीने मला विचारलं होतं. दुसऱ्या प्रश्नातली खरी फूट इथेच पडते. एक बाजू म्हणते, यंत्रणा हाताबाहेर गेली. दुसरी म्हणते, ती यंत्रणाही माणसांनीच आखली आणि हुकूमही माणसांनीच दिले. झारने हुकूम एकदा मागे घेतला होता, हे दुसऱ्या बाजूचं सर्वात चांगलं उदाहरण.

साम्राज्यवादामुळे युद्ध झालं का, हा तिसरा प्रश्नही सुचवला जातो. मी तो टाळीन. मोरोक्कोवरून 1905 आणि 1911 मध्ये दोनदा तणाव झाला, तरी युद्ध झालं नाही. आशियातले जुने प्रतिस्पर्धी ब्रिटन आणि रशिया 1907 मध्ये समझोता करून बसले. साम्राज्यवाद खरा, पण 1914 च का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही, आणि मुलं लष्करवाद, राष्ट्रवाद वगैरे कारणांची यादी घोकून म्हणतात. दुसऱ्या वक्त्याचं भाषण समोरच्याने काहीच बोललं नसतं तरी तसंच झालं असतं, असं वाटलं की समजावं, विषय चुकला.

एकाच तासात उरकायचं असेल आणि मुलं पहिल्यांदाच उभी राहत असतील, तर जर्मनीचा प्रश्न घ्या. बाजू आयत्या मिळतात. तयारीला आठवडाभर मिळत असेल तर जुलैचा घ्या. मात्र दोन्ही गटांना 28 जून ते 4 ऑगस्टच्या तारखांचा एकच कागद द्या आणि परीक्षकांना सांगा की तारखेशिवाय केलेल्या दाव्याला गुण देऊ नका.