माळ्यातील दमट हवा: नुसती वळचण की वळचण आणि आढे?

ब्रिटनमधील उतरत्या छपराच्या घरांत उष्णतारोधक थर बहुधा माळ्याच्या तळावर पसरलेला असतो, त्यामुळे माळा थंड राहतो आणि खालून झिरपणारी दमट हवा हिवाळ्यात कौलांखालच्या पडद्यावर पाणी होऊन साचते.

ही दमट हवा बाहेर काढण्याचा पहिला पर्याय दोन्ही वळचणींवर सलग १० मिलिमीटर फट ठेवण्याचा आहे. ८ मीटर लांबीच्या घराला त्यातून प्रत्येक बाजूस ८०० चौरस सेंटिमीटर वाट मिळते. साध्या छपराला ती पुरते. मात्र ती वाऱ्यावर अवलंबून असल्याने वारा पडला की हवा जवळजवळ थांबते.

दुसऱ्या पर्यायात आढ्यावर सलग ५ मिलिमीटर, म्हणजे ४०० चौरस सेंटिमीटरची वाट जोडली जाते. उबदार हवा वर चढून तिथून निघते आणि वळचणीतून कोरडी हवा आत येते. उतार ३५ अंशांहून अधिक किंवा रुंदी १० मीटरहून जास्त असेल, तर मी हाच पर्याय निवडेन.

मात्र वळचण बंद ठेवून फक्त आढे उघडणे घातक आहे, कारण मग आढे माळ्याच्या दारातून आणि दिव्यांच्या भोकांतून घरातलीच दमट हवा वर ओढते. जाड थर कोपऱ्यात कोंबल्याने वळचण नकळत बुजते. तिथे थरावर २५ मिलिमीटर मोकळी जागा राखावी. गंजलेली खिळ्यांची टोके आणि वळचणीजवळची काळी बुरशी दिसली, तर प्रथम वळचण बुजली आहे का ते तपासावे.