गरम, पातळ, तेलकट: पार्सलच्या डब्याची खरी परीक्षा

कोरड्या पदार्थांसाठी प्लास्टिक सोडणं आज अवघड राहिलेलं नाही. कागदी पिशवी, पुठ्ठ्याचा खोका, पानांची दाबून केलेली ताटली, काहीही चालतं. माणूस अडतो तो पातळ पदार्थापाशी. ८५ अंशांचा, वर तेलाचा तवंग असलेला अर्धा लिटर पदार्थ पिशवीत हेलकावे खात पाऊण तास प्रवास करणार असेल, तर तो कशात भरायचा? निर्णय याच एका प्रश्नावर घ्यावा, म्हणून इथे तुलनाही तेवढ्यापुरतीच केली आहे.

आधी प्लास्टिकचं बलस्थान मान्य करू. नेहमीचा पारदर्शक, काळा किंवा पांढरा डबा बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. ते साधारण १६० अंशांना वितळतं, त्यामुळे उकळत्या पदार्थाचं त्याला काही वाटत नाही. शिवाय साच्यातून तो इतका नेमका निघतो की झाकण 'टक्' करून बसतं. पर्यायांची खरी स्पर्धा आहे ती या 'टक्'शी. गळती डब्याच्या तळातून क्वचितच होते, ती होते झाकणाच्या कडेतून.

बगॅसचा, म्हणजे उसाचा रस काढून उरलेल्या चोथ्याचा डबा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला फार आवडला होता. जाड, पांढरा, हाताला उबदार. पण त्यात गरम पातळ पदार्थ भरून अर्ध्या तासाने पाहिलं, तर डब्याखालचा कागद ओला झाला होता. मला वाटलं डबा फुटला. प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी झाल्या होत्या. खालचा ओलेपणा वाफेचा होता. वाफ तंतूंमधून पार होते आणि थंड पृष्ठभागाला लागून तिचं पाणी होतं. खरी गळती कडेला होती. वाफेने झाकण मऊ पडलं, पकड सुटली आणि तिरप्या पिशवीत तेल तिथून पाझरलं. चोथ्याच्या तंतूंना मुळातच पाण्याची ओढ असते, गरम पाण्याने ते फुगतात, आणि तापलेलं तेल पातळ होऊन बारीक छिद्रं शोधून काढतं. म्हणून भात, पोळ्या किंवा दाट भाजीसाठी बगॅस उत्तम, पण पातळ पदार्थासाठी, तेही अंतर लांब असेल तर, नाही.

तेल न पाझरणारा बगॅस मिळतो ना, असं कुणी म्हणेल. मिळतो, पण तो का पाझरत नाही हे पुरवठादाराला विचारायलाच हवं. बरीच वर्षं या कामासाठी फ्लोरीनयुक्त रसायनं वापरली गेली, ज्यांना पीएफएएस म्हणतात. निसर्गात ती जवळपास विघटितच होत नाहीत. युरोपातल्या ईएन १३४३२ या कंपोस्टयोग्यतेच्या मानकात एकूण फ्लोरीनची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. फ्लोरीनचा चाचणी अहवाल मागा. तो नसेल आणि डबा तरीही तेलाला दाद देत नसेल, तर मी तो घेणार नाही.

आतून थर दिलेली कागदी वाटी या कामात सगळ्यांत पुढे आहे. गोल आकार, वर गुंडाळलेली कड आणि त्यावर घट्ट बसणारं झाकण असल्यामुळे ती पातळ पदार्थ चांगला धरते. तो थर मात्र बहुतेकदा पॉलिथिलीनचा असतो, म्हणजे प्लास्टिक पूर्ण गेलेलं नसतं, खूप कमी झालेलं असतं. थर आहे की नाही हे घरीच कळतं. वाटीचा फाडलेला तुकडा काही तास कोमट पाण्यात भिजवा आणि बोटांनी कागद चोळून काढा. हातात चकचकीत पातळ पडदा उरला तर थर आहे. तो पॉलिथिलीनचा आहे की मक्यापासून केलेल्या पीएलएचा, हे मात्र या युक्तीने कळत नाही.

पीएलएच्या बाबतीत फसगत होते ती झाकणावर. साधं पीएलए ५५ ते ६० अंशांनाच मऊ पडू लागतं. गरम वाटीवर ठेवलेलं असं झाकण दहा मिनिटांत मधोमध खचतं आणि कड उचलली जाते. स्फटिकीकरण केलेलं सीपीएलए साधारण ८५ अंशांपर्यंत टिकतं, तेच मागावं. शिवाय 'कंपोस्ट होतं' याचा अर्थ ५८-६० अंश राखणाऱ्या औद्योगिक केंद्रात होतं असा आहे. परसातल्या खड्ड्यात ते दीर्घकाळ तसंच राहतं. जवळ असं केंद्र नसेल तर पीएलएसाठी जादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही.

ॲल्युमिनियम फॉइलचा डबा उष्णतेला पक्का असतो, पण त्यावर मुडपून बसवलेलं पुठ्ठ्याचं झाकण तिरपं झालं की सांडतंच. आंबट पदार्थ धातू थोडा विरघळवतात, त्यासाठी आतून लेप असलेला डबा लागतो.

आता खर्च. फक्त डब्याची किंमत पाहणं चूक आहे, सांडलेल्या जेवणाची किंमतही त्यात धरावी लागते. समजा प्लास्टिकचा डबा झाकणासकट १ एकक आणि आतलं जेवण ४० एकक. प्लास्टिकमध्ये २०० पार्सलांत १ सांडत असेल तर खरा खर्च १.२. बगॅस २.५ ला पडतो आणि शंभरात ४ सांडतात, तर दर पार्सलमागे १.६ वाढून ४.१. थर दिलेली वाटी २.२ ला, शंभरात १ सांडते, म्हणजे २.६. आकडे तुमचे वेगळे असतील, गणित हेच.

परत येणारा, रबरी कडेचा आणि चिमट्याच्या झाकणाचा स्टीलचा डबा ६० एकक धरा, धुणं आणि गोळा करणं १ एकक. शंभरात २ डबे हरवले तर खर्च १.२ अधिक १, म्हणजे २.२, वाटीपेक्षा स्वस्त. पण ८ हरवले तर ५.८. शंभरातले ९७-९८ डबे परत आले तरच तो वाटीच्या बरोबरीला येतो. रोज त्याच घरांत किंवा त्याच कार्यालयांत डबे जात असतील तर हे जमतं, मी डोळे झाकून स्टील घेईन. अनोळखी गिऱ्हाईक असेल तर अनामत रक्कम घेतल्याशिवाय नको.

घाऊक मागणी देण्याआधी पाच-पाच नमुने आणून एक चाचणी करा. ९० अंशांच्या पाण्यात दोन चमचे तेल आणि थोडी हळद घालून डबा भरा, झाकण लावा, पांढऱ्या कागदावर ठेवा, वर दुसरा भरलेला डबा चढवा. वीस मिनिटांनी ४५ अंशांत तिरपा करा, चाळीस मिनिटांनी पुन्हा. कागदावर रंगहीन ओल दिसली तर ती वाफ आहे, खाली जाड कागद घातला की प्रश्न मिटतो. पिवळा डाग दिसला तर ती गळती आहे, आणि तो नमुना पातळ पदार्थासाठी बाद.

मिश्र पार्सलात मी कोरडं बगॅसमध्ये किंवा कागदात आणि फक्त पातळ तेवढं थर दिलेल्या छोट्या वाटीत भरेन. वाटी काठोकाठ भरू नये, बोटभर जागा सोडावी. वाफेला जागा मिळाली की झाकण आतून उचललं जात नाही.