सीओडीचे पैसे: लवकर घ्यायचे की पूर्ण घ्यायचे?

आमचा बचत गट समुद्रपूर तालुक्यातला. वायगाव हळदीची पावडर आम्ही कुरिअरने पाठवतो आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा पैसे हातात पार्सल आल्यावरच देतं, म्हणजे सीओडी. शेजारच्या गावातल्या मिरची पावडरवाल्या ताई विचारत होत्या, कुरिअर अ‍ॅग्रिगेटरचं म्हणजे अनेक कुरिअर कंपन्यांची सेवा एकाच जागी देणाऱ्या कंपनीचं खातं उघडताना पॅनेलवर दोन गोष्टी विचारतात, त्यात काय निवडू? पहिली, पैसे नेहमीच्या मुदतीत हवे की लवकर. दुसरी, कुरिअरखर्च वसुलीतून कापायचा की आधी वॉलेटमध्ये भरायचा. पहिल्या प्रश्नावर सगळे डोकं लावतात, पण दुसरा जास्त महागात पडतो.

आधी पहिला. आमच्या करारात पार्सल पोचल्यापासून 8 दिवसांनी, सोमवार, बुधवार किंवा शुक्रवार यांतल्या पुढच्या वारी पैसे येतात आणि त्यासाठी वेगळं काही लागत नाही. दुसऱ्या दिवशीच पैसे देणारी योजना नाही, पण 2 दिवसांत देणारी आहे. तिला वसुलीच्या 1 टक्का फी आणि त्या फीवर 18 टक्के जीएसटी. 10,800 रुपयांवर हे 127 रुपये 44 पैसे होतात. वाचतात फक्त 6 दिवस. आमच्या गटात अंतर्गत कर्ज महिन्याला शेकडा 2 ने मिळतं, म्हणजे तेवढीच रक्कम 6 दिवस वापरली तर व्याज साधारण 43 रुपये. लवकरच्या योजनेचा हिशेब महिन्यावर मांडला तर शेकडा 6 च्या जवळ जातो. म्हणून गटाचं कर्ज मिळत असेल तर ती योजना घेऊ नका. हळकुंडांचा सौदा उद्याच करायचा आहे आणि उधार कुणीच देत नाही, एवढ्याच वेळी ती कामाची.

आता दुसरा प्रश्न. खर्च वसुलीतून कापून घेतला तर खिशातून आधी काही जात नाही, म्हणून नव्या विक्रेत्याला तो सोपा वाटतो. आम्हीही तोच घेतला होता. मग एका बुधवारी बँकेत 9,093 रुपये 80 पैसे आले. पॅनेलवर 600 रुपयांची 18 पार्सलं पोचलेली दिसत होती, म्हणजे हवे होते 10,800. तब्बल 1,706 रुपये 20 पैसे कमी! दोन दिवस आम्ही कुरिअरवाल्याला फोन करत बसलो.

शेवटी फोड अशी निघाली. 1,000 रुपये पुढच्या पार्सलांच्या खर्चापोटी वळते केलेले. 106 रुपये 20 पैसे वजनाच्या फरकाचे. छोटे डबे संपले म्हणून दोन पार्सलं आम्ही 30×20×10 सेंटिमीटरच्या डब्यात भरली होती. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार भागिले 5000 केलं की 1.2 किलो येतं. काट्यावर 950 ग्रॅम असलं तरी दर पुढच्या टप्प्याचा, 1.5 किलोचा लागला, प्रत्येकी 45 रुपये जास्त आणि त्यावर जीएसटी. ही चूक आमचीच होती. राहिले 600. सतरा पार्सलं आदल्या आठवड्याच्या मंगळवारपर्यंत पोचली होती, एटापल्लीचं मात्र गुरुवारी पोचलं. त्याचे 8 दिवस शुक्रवारी भरत होते, आणि पैसे शुक्रवारीच आले. मुदत पाठवल्यापासून नाही, पोचल्यापासून मोजतात. गडचिरोलीकडची पार्सलं ह्याच कारणाने नेहमी मागे दिसतात.

वॉलेट वेगळं असतं तर त्या दिवशी 10,200 आले असते. 600 ने भागलं की 17, म्हणजे एक पार्सल बाकी, हे तिथल्या तिथे कळलं असतं. तोटा एकच, 1,500–2,000 रुपये कायम वॉलेटमध्ये अडकतात. वजनाचा फरक तिथूनच कापला जातो, तेव्हा वॉलेटचं पासबुक आठवड्यातून एकदा बघावंच लागतं. तरी मी वॉलेटच घ्यायला सांगीन.

पार्सलांच्या रकमा वेगवेगळ्या असल्या की भागाकार चालत नाही. मग बँकेत आलेल्या रकमेचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, बघून पॅनेलवरून त्याची यादी उतरवा आणि एडब्ल्यूबी, म्हणजे पार्सलाच्या ट्रॅकिंग नंबराने जुळवा. गिऱ्हाइकाच्या नावाने जुळवू नका, एकाच गावात तीन सारखी नावं निघतात. पहिल्या शीटच्या A रकान्यात तुमच्या पार्सलांचे एडब्ल्यूबी, Sheet2 च्या A आणि B मध्ये उतरवलेल्या यादीतले एडब्ल्यूबी आणि रक्कम:

```
=IFERROR(VLOOKUP(A2,Sheet2!A:B,2,FALSE),"बाकी")
```

दोन्हीकडचा एडब्ल्यूबीचा रकाना आधी Text करा आणि मगच त्यात नंबर टाका. नाहीतर लांब नंबर 1.23E+13 असा दिसतो, किंवा एकीकडे आकडा आणि दुसरीकडे मजकूर राहून सगळ्यांपुढे "बाकी" येतं. खरं "बाकी" आलं तर पोचल्याच्या तारखेत 8 दिवस आणि पुढचा पैशांचा वार धरा. तोही उलटला तर आधी गिऱ्हाइकाला फोन करून पार्सल मिळालं आणि रोख दिली का ते विचारा. मग एडब्ल्यूबी, पोचल्याची तारीख आणि शेवटचा यूटीआर लिहून पॅनेलवर तक्रार टाका. फोनवरच्या तक्रारीचा मागमूस राहत नाही.